भाडे हेही कर्जच : ताळेबंदाबाहेरचे देणे कसे मोजावे?

(वाणिज्य शाखेचे विद्यार्थी व पालक यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



वाणिज्य शाखेच्या वरच्या परीक्षांत एक प्रश्न नेहमी विचारला जातो. एका कंपनीचा ताळेबंद दिलेला असतो, नफ्याचे आकडे दिलेले असतात आणि शेवटी एक ओळ असते : "कंपनीने काही मालमत्ता ऑपरेटिंग लीजवर घेतली आहे. या लीजचे भांडवलीकरण करून कर्जाची गुणोत्तरे व व्याजाचे कव्हरेज पुन्हा काढा." पुष्कळ मुले सूत्र पाठ करून हा प्रश्न सोडवतात. आकडे येतात, पण ते का बदलले हे सांगता येत नाही. मग परीक्षकाने प्रश्न थोडा फिरवला की गाडी अडते. म्हणून आज मी हा एकच प्रश्न घेणार आहे आणि तो शेवटपर्यंत सोडवून दाखवणार आहे. पालकांनीही ऐकावे, कारण एखाद्या कंपनीत ठेव ठेवताना किंवा तिचे शेअर घेताना हाच प्रश्न आपल्यासमोर उभा असतो. फक्त तो छापील कागदावर नसतो.

प्रथम लीज म्हणजे काय ते पाहू. दुसऱ्याची वस्तू किंवा जागा ठराविक मुदतीसाठी, ठराविक भाडे देऊन वापरण्याचा करार म्हणजे लीज. जुन्या हिशेबपद्धतीत तिचे दोन प्रकार मानले जात. वस्तूच्या मालकीचे बहुतेक सर्व फायदे आणि धोके भाडेकरूकडे जात असतील तर ती फायनान्स लीज. ती ताळेबंदात कर्जासारखी दाखवावी लागे. तसे नसेल तर ती ऑपरेटिंग लीज. हिच्यात दरवर्षीचे भाडे नफा-तोटा पत्रकात खर्च म्हणून टाकले की काम संपले. पुढील वर्षांचे भाडे देण्याचे बंधन ताळेबंदात कोठेच येत नसे. ते मागच्या पानांवरील टिपांमध्ये बारीक अक्षरांत असे.

आता पादत्राणांची दुकाने चालवणाऱ्या दोन कंपन्या डोळ्यांसमोर आणा. पहिलीने बँकेचे कर्ज काढून दुकानांचे गाळे विकत घेतले. दुसरीने तसेच गाळे पाच वर्षांच्या करारावर भाड्याने घेतले आणि हा करार मधेच मोडता येत नाही. पहिलीच्या ताळेबंदात कर्ज दिसते. दुसरीच्या ताळेबंदात काहीच दिसत नाही. परंतु धंदा मंदावला तर दोघींचीही मान सारखीच अडकते. एकीला बँकेचा हप्ता चुकवता येत नाही, दुसरीला घरमालकाचे भाडे. नुसता ताळेबंद वाचणारा मनुष्य दुसरी कंपनी निर्धास्त आहे असे समजून बसतो. हा गैरसमज दूर करण्यासाठी त्या भाड्याच्या बंधनाला कर्जाचे रूप देऊन ताळेबंदात बसवणे, यालाच लीजचे भांडवलीकरण म्हणतात.

ही केवळ पुस्तकी कल्पना नाही. इंग्लंडमध्ये वूलवर्थ्स नावाची दुकानांची जुनी साखळी होती. २००१ साली तिच्या अनेक दुकानांच्या इमारती विकून त्याच पुन्हा भाड्याने घेण्यात आल्या. इमारतींचे पैसे हाती आले, पण भाड्याचे ओझे कायमचे मागे लागले. विक्री घसरली तरी भाडे घसरले नाही. कंपनी बुडण्याची कारणे अनेक होती, त्यांत हेही एक होते. नोव्हेंबर २००८ मध्ये तिचा कारभार प्रशासकांच्या हाती गेला आणि जानेवारी २००९ मध्ये शेवटची दुकाने बंद झाली.

आता आपला प्रश्न घेऊ. आकडे मी सोपे केले आहेत आणि सर्व आकडे लाख रुपयांत आहेत. वर्षाच्या आरंभी दुसऱ्या कंपनीची एकूण मालमत्ता १,००० आहे. व्याजाचे कर्ज ३००, मालकांचे स्वतःचे भांडवल ४०० आणि उरलेली ३०० ही व्यापारी देणी वगैरे आहेत. या वर्षी व्याज व कर देण्यापूर्वीचा नफा १५० आहे आणि व्याज ३० आहे. या १५० मधून दुकानांचे भाडे ५० अगोदरच वजा झालेले आहे, ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा. पुढे तिच्यावरच सारे अवलंबून आहे. करार पाच वर्षांचा असून प्रत्येक वर्षाच्या अखेरीस ५० भाडे द्यायचे आहे.

भांडवलीकरणापूर्वीची गुणोत्तरे अशी. कर्ज भागिले स्वतःचे भांडवल, म्हणजे ३०० ÷ ४०० = ०.७५. कर्ज भागिले एकूण मालमत्ता, म्हणजे ३०० ÷ १,००० = ०.३०. व्याजाचे कव्हरेज, म्हणजे नफ्यातून व्याज किती पटीने भागते ते, १५० ÷ ३० = ५ पट. चित्र छान दिसते.

पहिली पायरी म्हणजे व्याजाचा दर ठरवणे. करारातच दडलेला दर समजत असेल तर तो घ्यावा. बहुधा तो समजत नाही. तेव्हा कंपनीला तेवढ्याच मुदतीचे कर्ज ज्या दराने मिळाले असते तो दर घ्यावा. आपल्या प्रश्नात ३०० कर्जावर ३० व्याज आहे, म्हणजे दर शेकडा १०. परीक्षेत दर दिलेला नसला तर तो असाच कर्ज आणि व्याज यांवरून शोधून काढावा.

दुसरी पायरी म्हणजे पुढील पाच भाड्यांचे आजचे मूल्य काढणे. एक वर्षाने द्यायचे ५० रुपये आज ५० नसतात. आज ४५.४५ रुपये शेकडा १० ने गुंतवले तर वर्षाने ५० होतात. म्हणून प्रत्येक भाड्याला जितकी वर्षे लांब असेल तितक्या वेळा १.१० ने भागावे :

पहिल्या वर्षाचे ५० : आजचे मूल्य ४५.४५
दुसऱ्या वर्षाचे ५० : ४१.३२
तिसऱ्या वर्षाचे ५० : ३७.५७
चौथ्या वर्षाचे ५० : ३४.१५
पाचव्या वर्षाचे ५० : ३१.०५
एकूण : १८९.५४

हे १८९.५४ म्हणजेच ताळेबंदाबाहेर राहिलेले कर्ज. काही विद्यार्थी पाच वर्षांचे भाडे सरळ बेरीज करून २५० कर्ज म्हणून लिहितात. ते चूक आहे. २५० मधील ६०.४६ हे पुढील पाच वर्षांचे व्याज आहे आणि जे व्याज अद्याप चढलेलेच नाही ते आजचे कर्ज कसे म्हणता येईल?

तिसरी पायरी म्हणजे ताळेबंद दुरुस्त करणे. येथे दोन्ही बाजूंना हात लावावा लागतो. देण्याच्या बाजूला १८९.५४ कर्ज वाढते आणि मालमत्तेच्या बाजूलाही गाळे वापरण्याचा हक्क म्हणून १८९.५४ वाढतात. स्वतःचे भांडवल आरंभी जसेच्या तसे राहते. म्हणून कर्ज झाले ४८९.५४ आणि एकूण मालमत्ता झाली १,१८९.५४. आता कर्ज भागिले स्वतःचे भांडवल १.२२ येते. पूर्वी ते ०.७५ होते. कर्ज भागिले एकूण मालमत्ता ०.४१ येते, पूर्वी ०.३० होते.

दोन्ही गुणोत्तरे वाढली, पण सारख्या प्रमाणात नाहीत. पहिले सुमारे ६३ टक्क्यांनी वाढले, दुसरे ३७ टक्क्यांनी. याचे कारण सोपे आहे. पहिल्यात फक्त वरचा आकडा वाढला, दुसऱ्यात खालचाही वाढला. ज्याने मालमत्ता वाढवायचे विसरून ४८९.५४ ला १,००० ने भागले त्याचे उत्तर ०.४९ येईल. असे उत्तर आले की ताळेबंदाच्या दोन बाजू जुळतात का ते पाहावे. त्या जुळणार नाहीत आणि चूक तेथेच सापडेल.

चौथी पायरी व्याजाच्या कव्हरेजची. हीच पुष्कळांना अवघड वाटते, म्हणून येथे सावकाश जाऊ. भाडे म्हणून दिलेल्या ५० रुपयांत दोन गोष्टी मिसळलेल्या आहेत. एक भाग गाळे वापरल्याची किंमत, म्हणजे घसारा. दुसरा भाग उशिरा पैसे देण्याची किंमत, म्हणजे व्याज. भांडवलीकरण करताना आपण ५० चे भाडे पुसून टाकतो आणि त्याच्या जागी हे दोन खर्च वेगवेगळे लिहितो. घसारा पाच वर्षांवर सारखा वाटला तर १८९.५४ ÷ ५ = ३७.९१ येतो. पहिल्या वर्षाचे व्याज १८९.५४ वर शेकडा १० प्रमाणे १८.९५ येते.

आता व्याजापूर्वीच्या नफ्यात ५० भाडे परत मिळवा आणि ३७.९१ घसारा वजा करा. १५० + ५० − ३७.९१ = १६२.०९. व्याज ३० + १८.९५ = ४८.९५. कव्हरेज १६२.०९ ÷ ४८.९५ = ३.३१ पट. पाच पटीवरून आपण सव्वातीनाच्या जवळ आलो. नफा मात्र कमी झालेला नाही, उलट व्याजापूर्वीचा नफा वाढलेलाच दिसतो. तरीही कव्हरेज घसरले, कारण वर १२.०९ वाढले आणि खाली १८.९५ वाढले.

काही पुस्तकांत एक आखूड रीत दिलेली असते. भाड्यातील व्याजाचा भाग, म्हणजे १८.९५, वरच्या व खालच्या दोन्ही आकड्यांत मिळवायचा. तसे केले तर १६८.९५ ÷ ४८.९५ = ३.४५ पट येते. या रीतीत भाड्यातून व्याज गेल्यावर उरलेले ३१.०५ हाच घसारा असे गृहीत धरलेले असते. म्हणून दोन उत्तरांत थोडा फरक पडतो. दोन्ही रीती मान्य आहेत, पण कोणती वापरली ते उत्तरपत्रिकेत एका ओळीत लिहावे.

चुका मात्र दोन ठरलेल्या होतात. काही जण नफा १५० च ठेवतात आणि खाली व्याज वाढवतात. उत्तर येते ३.०६. यात भाड्यातील व्याज दोनदा मोजले गेले, एकदा भाडे वजा होताना आणि एकदा खाली. दुसरे काही जण ५० भाडे पूर्ण परत मिळवतात, पण घसारा वजा करायला विसरतात. उत्तर येते ४.०९. जणू गाळे फुकटच वापरले! आपल्या प्रश्नात बरोबर उत्तर या दोघांच्या मध्ये असते. ३.०६ किंवा ४.०९ आले तर समजावे की पायरी चुकली आहे.

आता परीक्षकाचा फिरवलेला प्रश्न. "भांडवलीकरण केल्याने कव्हरेज नेहमी कमी होते का?" पुष्कळ जण "होय" लिहितात. उत्तर "नाही" आहे. अपूर्णांकात वर आणि खाली भर टाकल्यावर तो घटेल की वाढेल हे भरीच्या प्रमाणावर ठरते. आपल्या पहिल्या वर्षात भर वर १२.०९ आणि खाली १८.९५, म्हणजे भरीचे प्रमाण ०.६४. मूळ कव्हरेज ५, म्हणजे त्याहून मोठे. म्हणून ते खाली ओढले गेले. पण कराराच्या शेवटच्या वर्षी काय होते पाहा. तेव्हा देणे केवळ ४५.४५ उरलेले असते आणि त्यावरील व्याज ४.५५. वरची भर मात्र तीच १२.०९. भरीचे प्रमाण झाले २.६६. एखाद्या अशक्त कंपनीचा नफा ६० आणि व्याज ३०, म्हणजे कव्हरेज २ पट असेल, तर दुरुस्तीनंतर ७२.०९ ÷ ३४.५५ = २.०९ पट येईल. कंपनी तीच, भाडे तेच, पण आकडा थोडा सुधारला! म्हणून कव्हरेज पाहताना कराराची किती वर्षे उरली आहेत ते विचारल्याशिवाय मत देऊ नये.

येथे एका साध्या गुणोत्तराची ओळख करून देतो. व्याजापूर्वीच्या नफ्यात भाडे मिळवा आणि त्याला व्याज अधिक भाडे यांनी भागा. आपल्या कंपनीचे २०० ÷ ८० = २.५ पट येते. याला फिक्स्ड चार्ज कव्हरेज म्हणतात. यासाठी दर नको, आजचे मूल्य नको. चुकवता न येणारे वार्षिक देणे किती पटीने भागते एवढेच ते सांगते. भांडवलीकरणाला लागणारी माहिती नसेल तेव्हा हे गुणोत्तर उपयोगी पडते. फक्त भांडवलीकरण केलेल्या आकड्यांत पुन्हा भाडे मिळवू नका. ते तेथे एकदा मोजून झालेले आहे.

आता या साऱ्या हिशेबाची मर्यादाही सांगतो. आपण पाच वर्षांचेच भाडे मोजले. पण पाच वर्षांनी पादत्राणांची कंपनी काय रस्त्यावर बसणार आहे? तिला करार वाढवावाच लागेल. विकत घेणाऱ्या कंपनीकडे कर्ज फिटल्यावर गाळे उरतात, भाड्याने घेणारीकडे काही उरत नाही. म्हणून १८९.५४ हा आकडा कराराचे बंधन सांगतो, धंद्याची गरज सांगत नाही. पतमापन करणाऱ्या संस्था पूर्वी वार्षिक भाड्याला ८ सारख्या ठोक अंकाने गुणून कर्जाचा अंदाज घेत. त्या रीतीने आपले उत्तर ४०० येईल, दुपटीहून जास्त. ८ पटीची रीत ओबडधोबड खरी, पण करार पुढे चालूच राहणार हे ती गृहीत धरते. दर बदलल्याने मात्र एवढा फरक पडत नाही. शेकडा १० ऐवजी ८ घेतला तर १९९.६४ येतात, १२ घेतला तर १८०.२४. छोट्या मुदतीत दरावर वाद घालण्यापेक्षा मुदत नीट तपासणे जास्त महत्त्वाचे.

कोणी विचारील, आता कायदा बदलला ना? होय, बदलला. आंतरराष्ट्रीय लेखामानक मंडळाचे पूर्वीचे अध्यक्ष सर डेव्हिड ट्वीडी म्हणत असत की, विमान कंपनीच्या स्वतःच्या ताळेबंदात नोंदलेल्या विमानातून एकदा तरी प्रवास करावा अशी आपली इच्छा आहे. विमाने बहुतेक लीजवर असत, हा त्यातील टोला. पुढे २०१६ मध्ये त्या मंडळाने नवे मानक जाहीर केले आणि ते १ जानेवारी २०१९ पासून लागू झाले. आपल्याकडे त्याच धर्तीचे इंड एएस ११६ हे १ एप्रिल २०१९ पासून लागू आहे. ज्या कंपन्यांना ते लागू आहे त्यांच्या ताळेबंदात "लीज लायॅबिलिटी" हे देणे स्वतंत्र दिसते. तेथे भांडवलीकरण आधीच झालेले आहे, आपण ते पुन्हा करू नये.

तरीही प्रश्न संपलेला नाही. पहिली गोष्ट, ज्या कंपन्यांना इंड एएस लागू नाही, त्या अजून जुन्या एएस १९ प्रमाणे हिशेब ठेवतात आणि त्यांच्या ऑपरेटिंग लीज ताळेबंदाबाहेरच असतात. तेथे टिपांमध्ये पुढील भाडे तीन गटांत सापडते : एक वर्षाच्या आतील, एक ते पाच वर्षांतील आणि पाच वर्षांनंतरचे. शेवटच्या गटात एकच बेरीज असते. समजा वार्षिक भाडे ५० आहे आणि शेवटच्या गटात १०० आहेत, तर ते आणखी दोन वर्षांचे भाडे असे धरून हिशेब करावा.

दुसरी गोष्ट, अमेरिकेच्या पद्धतीत ऑपरेटिंग लीजचे देणे ताळेबंदात येते, पण नफा-तोटा पत्रकात भाडे एकाच रकमेत खर्च म्हणून राहते. तेथे व्याज वेगळे दिसत नाही, म्हणून कव्हरेजसाठी चौथी पायरी आपणच करावी लागते. तिसरी गोष्ट, १२ महिन्यांपर्यंतच्या लीज कंपनीला नव्या मानकातही बाहेर ठेवता येतात आणि विक्रीच्या टक्केवारीवर ठरणारे भाडे देण्यात धरले जात नाही. चौथी गोष्ट जुन्या आकड्यांशी तुलना करण्याची. अनेक कंपन्यांनी २०१९-२० चे आकडे नव्या पद्धतीने दिले, पण २०१८-१९ चे आकडे दुरुस्त केले नाहीत. त्या दोन वर्षांत कर्जाचे गुणोत्तर एकदम उडी मारताना दिसले आणि बँकेचे नवे कर्ज मात्र दिसले नाही, तर घाबरू नका. कंपनी बिघडलेली नाही, हिशेब बदललेला आहे. तुलना करायची असेल तर जुन्या वर्षाला या चार पायऱ्या लावून मगच करावी.

पालकांना जाताना एवढेच सांगतो. एखादी कंपनी "आमच्यावर कर्ज नाही" म्हणून ठेवी मागत असेल, तर तिच्या अहवालाची शेवटची पाने उघडा आणि "लीज" हा शब्द शोधा. वार्षिक भाडे किती, करार किती वर्षांचा आणि तो मधेच मोडता येतो का, हे तीन प्रश्न विचारा. विद्यार्थी मित्रांनी आज घरी जाऊन आपल्या प्रश्नातील करार पाचऐवजी सहा वर्षांचा धरून तिन्ही गुणोत्तरे पुन्हा काढावीत. देण्याचे उत्तर २१७.७६ यायला हवे. पुढचे आकडे मी सांगत नाही. ते उद्या तुम्ही मला वर्गात सांगा.